पापडाच्या फोटोखालचा प्रश्न : कॅमेरा कुठला, सेटिंग काय?



मागच्या अंकात तांदळाच्या पापडांचा फोटो छापला होता, आठवतोय? बांबूच्या सुपात एकावर एक तिरके ठेवलेले पापड, त्यातले जिरे वेगवेगळे दिसत होते. अंक गावोगाव गेल्यावर आठवडाभरात एका ताईंनी ग्रामसंघाच्या बैठकीत माझ्या हातात तोच अंक ठेवला. फोटोच्या खाली रिकाम्या जागेत पेनाने लिहिलं होतं, "मॅडम, हा फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला? सेटिंग काय ठेवली होती? आमचे पापड असे का येत नाहीत?"

मला आधी वाटलं, सहज विचारलंय. पण बैठक संपल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या गटाने तालुक्याच्या एका दुकानदाराला पापडाचे फोटो पाठवले होते. त्याने उत्तर दिलं, "माल जुना दिसतोय, मळकट आहे, नको." पापड तर दोनच दिवसांपूर्वी वाळवलेले, नवीन तांदळाचे, पांढरेशुभ्र. मग गटात चर्चा झाली की आपला फोनच हलका आहे, बचतीतून सोळा हजार उचलून चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्यावा. पुढच्या बैठकीत ठराव करायचा होता. ताईंना ठरावाच्या आधी विचारायचं होतं, एवढंच.

म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते. अजून दोन-तीन गटांत हाच विचार चालू आहे असं नंतर कळलं.

आधी सरळ उत्तर. तो फोटो माझ्या फोनने काढला. फोन तीन वर्षं जुना आहे, एका कोपऱ्यात काच तडकलेली आहे. वेगळा कॅमेरा नव्हता, स्टँड नव्हता, दिवे नव्हते. आणि एक फोटो काढला नाही, तेवीस काढले. त्यातले बावीस छापण्यासारखे नव्हते. तुम्ही बघितला तो तेविसातला एक.

आता सेटिंग. फोटो काढताना फोन स्वतःच तीन आकडे नोंदवून ठेवतो. गॅलरीत फोटो उघडून बोट वर सरकवलं किंवा तीन टिंबांवर दाबून 'तपशील' उघडलं की ते दिसतात. त्या पापडाच्या फोटोत हे आकडे आहेत : f/1.8, 1/100, ISO 50.

पहिला आकडा, f/1.8, म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं आहे ते. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या फोनमध्ये हे तोंड कायम तेवढंच असतं, ते कमी-जास्त करता येत नाही. म्हणून हा आकडा वाचायचा आणि सोडून द्यायचा.

दुसरा, 1/100, म्हणजे फोनने एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ उजेड आत घेतला. 1/50 असतं तर त्याच्या दुप्पट वेळ, म्हणजे दुप्पट उजेड. इथे खालचा आकडा मोठा झाला की वेळ कमी होतो. सुरुवातीला हे उलटं वाटतं, मलाही वाटायचं. भाकरीचे शंभर तुकडे केले तर तुकडा लहान आणि वीस केले तर मोठा, तसं समजा.

तिसरा, ISO. बैठकीत भोंग्याचा आवाज वाढवतो ना, तसं फोन आलेला उजेड आतल्या आत वाढवतो. भोंगा फार वाढवला की बोलणं मोठं ऐकू येतं, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. ISO 50 किंवा 100 असताना फोटो स्वच्छ असतो. ISO 800, 1600 झाला की फोटोत रवाळ ठिपके येतात आणि पापड धुळीत पडल्यासारखा दिसतो.

ताईंनी हे आकडे वहीत लिहून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हीपण हेच ठेवायचे?" तर नाही. इथेच सगळ्यांची गफलत होते, म्हणून थोडं थांबून सांगते.

समजा मी तुम्हाला सांगितलं की माझी भाकरी तव्यावर पाऊण मिनिटात होते. तुम्ही तेवढाच वेळ ठेवली तर होईल का? तुमच्या चुलीत काट्याकुट्या आहेत की जाड लाकूड, तवा लोखंडी आहे की मातीचा, त्यावर ठरेल. पाऊण मिनिट हा माझ्या चुलीचा हिशोब आहे. तसे f/1.8, 1/100, ISO 50 हे त्या दिवशीच्या, त्या ओसरीवरच्या उजेडाचे आकडे आहेत. तेच आकडे तुम्ही रात्री घरात ठेवले तर फोटो काळा येईल आणि भर उन्हात ठेवले तर नुसता पांढरा. शिवाय ते मी ठरवलेलेही नव्हते, फोनने ठरवले होते. मी फोनला फक्त एका बाबतीत अडवलं, आणि ती एक गोष्टच खरी 'सेटिंग'.

फोनला पापड कळत नाही

फोटो काढताना फोन समोरचा उजेड मोजतो आणि किती वेळ उजेड घ्यायचा ते ठरवतो. पण समोर पापड आहे, पीठ आहे की कोळसा आहे, हे त्याला नीट कळत नाही. त्याची एक मोटामोटी समजूत असते : समोर जे काही आहे ते सगळं मिळून मध्यम असणार, ना फार पांढरं ना फार काळं. माणसं, झाडं, घरं यांच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा बरोबर ठरते. पण सूपभर पांढरे पापड समोर आले की फोन म्हणतो, अरे, इथे उजेड फारच जास्त आहे, कमी करूया. आणि तो कमी करतो. पांढरा पापड राखाडी होतो. दुकानदाराला 'मळकट' दिसला तो हाच राखाडी.

पटत नसेल तर पुढच्या बैठकीत करून बघा, पाच मिनिटं लागतात. दाराजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवा, फोन एवढा जवळ न्या की पूर्ण फोटोत फक्त कागद दिसेल, आणि फोटो काढा. मग तिथेच काळी छत्री उघडून तिच्या नुसत्या कापडाचा फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा. कागद मळका आलेला असेल आणि छत्री पिकल्यासारखी फिकी आलेली असेल. नव्या फोनमध्ये फरक थोडा कमी दिसेल, पण दिसेल. आपल्या वाईंगणीच्या पिठापासून ते पांढऱ्या तिळाच्या लाडवापर्यंत जे जे पांढरं विकतो, त्या सगळ्याचं असंच होतं.

उपाय फोनमध्येच आहे आणि फुकट आहे. कॅमेरा उघडा आणि पडद्यावर पापडावर एकदा बोट टेकवा. तिथे एक गोल किंवा चौकट येते आणि तिच्या बाजूला छोटा सूर्य दिसतो, काही फोनमध्ये सूर्याऐवजी पट्टी असते. तो सूर्य बोटाने हळूच वर सरकवायचा. पडद्यावरच पापड उजळताना दिसतात. काही फोनमध्ये बोट उचललं की थोड्या वेळाने फोन पुन्हा आपल्या मनाचं करतो. तसं होत असेल तर पापडावर बोट दोन सेकंद दाबून धरा, कुलपाचं चिन्ह येईल, आणि मग सूर्य सरकवा.

किती सरकवायचा? त्या दिवशीचा माझा हिशोब सांगते. सूर्य न हलवता काढलेल्या फोटोत आकडे होते f/1.8, 1/200, ISO 50. पापड सिमेंटच्या रंगाचे. सूर्य वर सरकवल्यावर आकडे झाले f/1.8, 1/100, ISO 50. म्हणजे बाकी काही बदललं नाही, फक्त उजेड घ्यायचा वेळ दुप्पट झाला. काही फोनमध्ये याला +1 असं दाखवतात. पांढऱ्या मालाला साधारण एवढंच लागतं, कधी थोडं कमी.

पण हात फार पुढे गेला तर उलटं होतं. मी लोभाने अजून वर सरकवून चार फोटो काढले. लहानशा पडद्यावर ते फारच छान वाटले, झक्क पांढरे. घरी येऊन मोठे करून बघितले तर पापडावरचे बुडबुडे गेलेले, कडेची नागमोडी रेघ गेलेली, जिरे अर्धे पुसलेले. नुसता पांढरा डाग. असा फोटो नंतर कितीही दुरुस्त केला तरी गेलेलं परत येत नाही, कारण फोनने ते टिपलेलंच नसतं. थोडा अंधारा फोटो नंतर उजळता येतो, जळलेला नाही. म्हणून ओळख अशी ठेवा : फोटो काढल्यावर लगेच दोन बोटांनी मोठा करायचा आणि सगळ्यात पांढऱ्या जागी पापडाचा पोत दिसतोय का ते बघायचं. बुडबुडे दिसतात तोवर ठीक. दिसेनासे झाले की सूर्य केसभर खाली आणा.

अजून एक, कारण यात मी स्वतः फसले आहे. पापड उठून दिसावेत म्हणून एकदा काळ्या घोंगडीवर ठेवले. तेव्हा फोनला समोर बहुतेक काळंच दिसलं, त्याने उजेड वाढवला आणि मधले पापड जळाले. तिथे सूर्य खाली सरकवावा लागला. म्हणजे 'पांढरं असेल तर वर' एवढंच पाठ करून चालत नाही. पूर्ण चौकटीत जास्त काय भरलंय ते बघायचं. सूप, परडी, खाकी कागद असं मधल्या रंगाचं काही खाली घेतलं तर काम सोपं होतं, म्हणून मी सूप घेतलं होतं. स्टीलचं ताट शक्यतो नको. त्यात तुमचं तोंड, फोन आणि छत सगळं दिसतं.

मग ताईंचा फोटो बघितला

हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, तुमचा फोटो दाखवा बघू. त्यांनी दुकानदाराला पाठवलेला फोटो उघडला. तपशिलात आकडे होते 1/20 आणि ISO 800. मी विचारलं, "रात्री काढला का?" त्या म्हणाल्या, "मग कधी काढणार? दिवसा पापडच चालू असतात. जेवणखाण उरकून, भांडी घासून, मग नऊ वाजता बसलो."

खरंच आहे ते. पण तीन गोष्टी एकदम आडव्या आल्या. एकाच बल्बचा उजेड, म्हणून फोनने आवाज वाढवावा तसा ISO वाढवला आणि खरखर आली. 1/20 सेकंद हा वेळ मोठा आहे, तेवढ्यात हात हलतोच, म्हणून कडा पुसट. आणि बल्ब पिवळा, म्हणून पांढरे पापड तेलकट पिवळे. त्यावर फोनची ती मध्यम करायची सवय. माल ताजा असून जुना दिसला, त्यात नवल नाही. सोळा हजारांचा फोन घेऊन त्याच बल्बखाली बसलात तरी पिवळेपणा बराचसा राहणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले. आधी काय झालं ते सांगते. पापड पत्र्यावर वाळत होते, लखलखीत ऊन. ताई म्हणाल्या, "इथेच काढूया, उजेडच उजेड आहे." काढला. प्रत्येक पापडाखाली काळीकुट्ट सावली, वरची बाजू चकाकलेली, आणि सुपावर आमच्या दोघींच्या डोक्यांची सावली. ऊन म्हणजे उजेड, पण एकाच बाजूने येणारा कडक उजेड. पापडाला मऊ उजेड लागतो, म्हणजे सावलीतला.

मग सूप दाराच्या आत आणलं. उन्हाची रेघ उंबऱ्यावर संपत होती, तिथून तीन पावलं आत जमिनीवर ठेवलं. घरातली ट्यूब बंद केली. ती बंद करायला ताई तयार नव्हत्या, त्यांना वाटलं तेवढाच उजेड कमी होईल. पण दारातून येणारा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा किंवा बल्बचा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही एकत्र आले की पापडाची एक बाजू पिवळी आणि एक निळसर येते, आणि फोनला दोन्ही एकदम सुधारता येत नाहीत. एकच उजेड ठेवायचा. फ्लॅश तर नकोच. तो समोरून आदळतो, बुडबुड्यांच्या सावल्या पुसून टाकतो आणि पापड कागदासारखा सपाट दिसतो.

दार पापडाच्या डाव्या बाजूला येईल असं आम्ही बसलो. उजेड बाजूने आला की प्रत्येक बुडबुड्याला एक बारीक सावली मिळते आणि पापड कुरकुरीत आहे हे डोळ्यांना कळतं. पण मग उजवी बाजू अंधारी राहते. तिथे मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातलं उरलेलं पांढरं कार्डशीट उभं धरलं, सुपापासून वीतभर अंतरावर. दाराकडून आलेला उजेड त्यावर आपटून परत पापडावर पडला. कार्डशीट काढून आणि लावून, असे दोन फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल. कार्डशीट नसेल तर पांढरी उशीची खोळ पुठ्ठ्यावर ताणून घ्या.

एक गंमत झाली. सगळं बरोबर असूनही पापड गुलाबी येत होते. दोघी विचार करत बसलो. शेवटी लक्षात आलं, कार्डशीट धरून बसलेल्या जाऊबाईंची साडी राणी रंगाची होती, आणि त्या पुढे वाकून बसल्या होत्या. कार्डशीटसारखा साडीवरूनही उजेड परतून येत होता, फक्त राणी रंगाचा. त्या मागे सरकल्या, पापड पांढरे झाले. निळी भिंत, हिरवा पडदा, लाल चटई, हे सगळं असंच करतं. पांढऱ्या मालाजवळ रंगीत काही ठेवू नका.

ताईंचा फोन माझ्यापेक्षा साधा. भिंगावरचा हाताचा तेलकटपणा आधी पदराने पुसला. पापडाचं काम करताना फोन धरला की हे होतंच, आणि त्यानेही फोटो धुरकट येतो. फोन हातभर लांब धरला. फार जवळ नेला की फोनला नीट दिसत नाही, आणि पुढचे पापड फुगलेले, मागचे आखडलेले येतात. हातभरावरून काढून नंतर कडेचं कापून टाकायचं. कोपर गुडघ्यावर टेकवले म्हणजे हात हलत नाही.

पहिला फोटो सूर्य न हलवता : f/2.0, 1/120, ISO 100. राखाडी. मग पापडावर बोट दाबून धरलं, सूर्य वर : f/2.0, 1/60, ISO 100. पांढरे, बुडबुडे दिसणारे, जिऱ्यासकट. माझ्या आकड्यांतला एकही आकडा तंतोतंत जुळला नाही, तरी फोटो तसाच आला. ताईंनी वहीतले कालचे आकडे खोडले आणि त्याजागी लिहिलं, "दार डावीकडे, ट्यूब बंद, सूर्य वर, बुडबुडे बघणे." मला हे माझ्या उत्तरापेक्षा जास्त नेमकं वाटलं.

मिरची, मसाला आणि बाकीचं

ज्यांच्या गटात लाल तिखट आहे त्यांनी हीच पद्धत डोळे झाकून वापरू नका. भडक लाल रंग लवकर भरून जातो. फोटो एकूण ठीक दिसतो, पण तिखटाचा कण दिसेनासा होतो आणि लाल रंगाचा सपाट गोळा दिसतो. कुंकू आहे की तिखट कळत नाही. तिथे सूर्य थोडा खाली सरकवायचा आणि मोठं करून कण दिसतात का ते बघायचं. काळा मसाला आणि कारळ्याची चटणी यांना तर फोन हमखास फिकं करतो, त्यांनाही थोडा खालीच. नाचणीचे पापड, शेवया, लोणचं यांना बहुतेक वेळा काही हलवावं लागत नाही.

फिल्टर मात्र कुणीही लावू नका. तिखट फोटोत जास्त लाल दिसलं आणि गिऱ्हाईकाच्या घरी विटकरी निघालं, तर तो माल परत येतो आणि पुढची ऑर्डरही जाते. आपल्याला माल आहे तसा दाखवायचा आहे. सूर्य वर सरकवणं आणि फिल्टर लावणं यात मी फरक एवढाच मानते की पहिल्याने फोनची चूक सुधारते आणि दुसऱ्याने गिऱ्हाईकाची समजूत चुकते. शंका असली तर फोटो आणि पापड शेजारी धरून बघा.

पाठवतानाची एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, बारीक पोत जातो आणि ते तीन आकडेही पुसले जातात. ग्रुपवर आलेल्या फोटोचे तपशील उघडलेत तर काहीच सापडणार नाही, ते मूळ फोनमध्येच बघावे लागतात. दुकानदाराला बघण्यापुरता HD करून पाठवला तरी चालतो. अंकात छापायला किंवा लेबलसाठी द्यायचा असेल तर जोडणीच्या चिन्हावर दाबून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो पाठवा, म्हणजे तो आहे तसा पोचतो.

आता सोळा हजारांचं. फोन कधीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही. भिंगाचीच काच तडकली असेल, आत धूळ किंवा पाणी गेलं असेल, किंवा दिवसा दारात बसून, भिंग पुसूनही फोटो धुरकट येत असेल, तर त्या फोनकडून काम होणार नाही. घरात दिवसाही अंधार असतो आणि बाहेर बसायला सावली नाही, अशीही घरं आहेत, तिथे नवा फोन थोडी मदत करेल. पण ठरावाच्या आधी एक दिवस दारात बसून, सूर्य वर सरकवून, दहा फोटो काढा आणि ते सगळ्या जणींनी मिळून बघा. मग ठरवा. बचत तुमची आहे, निर्णयही तुमचाच.

ताईंच्या गटाने ठराव पुढच्या महिन्यावर ढकलला. नवा फोटो त्याच दुकानदाराला पाठवला, तेव्हा त्याने विचारलं, "हा दुसरा माल आहे का?" ताईंनी सांगितलं, तोच आहे, फोटो दिवसा काढलाय. त्याने दोन किलो नमुन्याला मागवलेत. पुढचं अजून कळलेलं नाही.

पुढच्या अंकापासून फोटोखाली कोणी काढला याबरोबर कुठे बसून, किती वाजता आणि सूर्य वर की खाली एवढं छापणार आहोत. तुमचे फोटो पाठवताना ते एका ओळीत लिहून द्या. फसलेले फोटोही पाठवा, सोबत तीन आकडे असले की काय बिघडलं ते सांगायला सोपं जातं.